२२ यार्डांची खेळपट्टी मीटरच्या टेपने आखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२२ यार्ड म्हणजे नेमके किती मीटर?

२०.१२ मीटर, म्हणजे २० मीटर १२ सेंटीमीटर. मैदानावर जाताना हा एवढा आकडा हातावर लिहून नेला तरी चालेल.

हिशोब असा. एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर. वीस यार्डांचे १८.२८८ मीटर होतात, दोन यार्डांचे १.८२८८, आणि बेरीज २०.११६८ मीटर. सेंटीमीटरपर्यंत पूर्ण केले की २०.१२. क्रिकेटच्या नियमांतही २२ यार्डांशेजारी २०.१२ मीटर हाच आकडा दिलेला आहे.

पडताळा घ्यायचा असेल तर इंचांच्या वाटेने जा. २२ यार्डांचे ६६ फूट, ६६ फुटांचे ७९२ इंच. एक इंच २.५४ सेंटीमीटरचा, म्हणून ७९२ गुणिले २.५४ बरोबर २०११.६८ सेंटीमीटर. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते. मुलांकडून हा हिशोब फळ्यावर करून घ्यायचा असेल तर दोन्ही रीती करून घ्या, कारण दुसऱ्या रीतीत गुणाकार चुकला तर तो लगेच उघडा पडतो.

०.९१४४ हा आकडा आला कुठून? तो अंदाजे आहे का?

अंदाजे नाही, ठरवून दिलेला आहे. १९५९ साली इंग्रजी मापे वापरणाऱ्या देशांनी मिळून एक यार्ड म्हणजे बरोबर ०.९१४४ मीटर असे मान्य केले. त्याच्या पुढे दशांश स्थळे नाहीतच. त्यामुळे २०.११६८ मीटर हे उत्तरही पूर्ण आणि अचूक आहे. आपण ते २०.१२ करतो तेव्हा ३.२ मिलिमीटर वाढवतो, आणि फक्कीची रेघ त्याच्या कितीतरी पट जाड असते. तेवढ्यासाठी अडून बसू नका.

मग यार्डाचे ०.९१ मीटर धरले तर काय बिघडते? शाळेच्या मैदानाला इतकी अचूकता कशाला?

बिघडते, कारण एका यार्डात केलेली छोटी काटछाट २२ वेळा मोजली जाते. ०.९१ धरले तर खेळपट्टी २०.०२ मीटर येते, म्हणजे जवळजवळ १० सेंटीमीटर आखूड. ०.९ धरले तर १९.८० मीटर, म्हणजे ३२ सेंटीमीटर आखूड. एक फूट म्हणजे ३० सेंटीमीटर असे मानून ६६ ने गुणले तरी तेच १९.८० येते. फुटपट्टी ३० सेंटीमीटरची असल्यामुळे ही चूक फार सहज होते. फुटाचे खरे माप ३०.४८ सेंटीमीटर आहे.

काटछाट करायचीच तर गुणाकार संपल्यावर करा, आधी नको. आधी ०.९१४४ पूर्ण वापरायचे, उत्तर काढायचे आणि मग ते उत्तर सेंटीमीटरपर्यंत आणायचे. रूपांतराच्या बहुतेक चुका हा क्रम उलटल्यामुळे होतात.

लक्षात ठेवायला सोपे म्हणून सरळ २० मीटर धरू का?

गल्लीतल्या किंवा मधल्या सुट्टीतल्या खेळाला हरकत नाही. पण जिथे सामने होणार, मुले नेमाने सराव करणार, तिथे नको. १२ सेंटीमीटर म्हणजे स्टंपांच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त. गोलंदाजाचा टप्पा सरावाने बसतो. आखूड पट्टीवर बसलेला टप्पा घेऊन मुलगा दुसऱ्या मैदानावर गेला की त्याला तो पुन्हा जुळवावा लागतो. टेप पसरलीच आहे, मग १२ सेंटीमीटर पुढे खुंटी ठोकायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

२२ हाच आकडा का?

२२ यार्ड म्हणजे जमीन मोजण्याची एक साखळी. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला १०० कड्यांची ६६ फुटी साखळी रूढ केली, आणि अशा ८० साखळ्यांचा एक मैल होतो. क्रिकेटच्या १७४४ सालच्या नियमांत दोन विकेटांमधले अंतर २२ यार्डच दिले आहे. त्याच नियमांत पॉपिंग क्रीज, म्हणजे विकेटपुढची फलंदाजाची रेघ, मात्र विकेटपासून ३ फूट १० इंचांवर होती. ती पुढे ४ फुटांवर गेली, २२ यार्ड तसेच राहिले.

हे २०.१२ मीटर कुठून कुठपर्यंत मोजायचे?

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मी हाच मानतो. रूपांतर चुकले तर फार तर दहा-तीस सेंटीमीटरचा फटका बसतो. मोजायची जागा चुकली तर खेळपट्टी अडीच मीटरने चुकते.

२२ यार्ड हे एका टोकाच्या मधल्या स्टंपच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या मधल्या स्टंपच्या मध्यापर्यंतचे अंतर आहे. स्टंप बॉलिंग क्रीजवर रोवलेले असतात, म्हणून तेच एका बॉलिंग क्रीजपासून दुसऱ्या बॉलिंग क्रीजपर्यंतचेही अंतर झाले.

गोंधळ होतो तो पॉपिंग क्रीजमुळे. फलंदाज जिच्यावर उभा राहतो ती रेघ सर्वांच्या ओळखीची, धावबाद तिच्यावर ठरतो, नोबॉलही तिच्यावर. साहजिकच अनेकांना ‘इथपासून तिथपर्यंत २२ यार्ड’ असे वाटते. पॉपिंग क्रीज स्टंपांच्या १.२२ मीटर पुढे असते. दोन पॉपिंग क्रीजमध्ये २०.१२ मीटर ठेवले तर दोन्ही टोकांचे स्टंप १.२२ मीटर मागे सरकतात आणि विकेट ते विकेट अंतर २२.५६ मीटर होते. शाळेतल्या गोलंदाजाला एवढे अंतर झेपत नाही. चेंडू सारखा आखूड पडतो आणि दोष मुलाच्या हाताला दिला जातो.

बरोबर आखलेल्या पट्टीवर दोन पॉपिंग क्रीजमधले अंतर ५८ फूट, म्हणजे १७.६८ मीटर भरते. हा आकडाही सोबत ठेवा, पुढे तपासणीला कामाला येईल.

रेघेला जाडी असते. मग रेघेच्या कोणत्या कडेपासून मोजायचे?

नियमांच्या दृष्टीने क्रीज म्हणजे अख्खी पांढरी रेघ नसते, तिची एक ठरावीक कड असते. बॉलिंग क्रीज म्हणजे रेघेची मागची कड. पॉपिंग क्रीज म्हणजेही मागची कड, स्टंपांच्या बाजूची. बॉलिंग क्रीजच्या दोन्ही शेवटांना काटकोनात येणारी रिटर्न क्रीज म्हणजे आतली कड.

आखणाऱ्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. सुतळी मापाच्या जागी ताणायची आणि फक्की तिच्या एकाच बाजूला टाकायची. बॉलिंग आणि पॉपिंग क्रीजची फक्की सुतळीच्या पुढे, म्हणजे समोरच्या विकेटच्या दिशेला. रिटर्न क्रीजची फक्की सुतळीच्या बाहेरच्या अंगाला. सुतळी मधोमध धरून दोन्ही बाजूंना फक्की पसरली तर प्रत्येक क्रीज रेघेच्या निम्म्या जाडीने सरकते.

बॅट रेघेवर टेकली आणि पंचांनी धावबाद दिले की मुले हमखास वाद घालतात. कारण हेच आहे: क्रीज मागच्या कडेला संपते, म्हणून रेघेवरची बॅट अजून बाहेरच असते. आखताना मुलांना सोबत घ्या आणि सुतळी कुठे आहे ते दाखवा. मग हे वेगळे समजवावे लागत नाही.

लांबीशिवाय आणखी कोणती मापे मीटरमध्ये लागतात?

फार नाहीत. बॉलिंग क्रीज ८ फूट ८ इंच लांब, म्हणजे २.६४ मीटर. मधल्या स्टंपपासून प्रत्येक बाजूला तिचा निम्मा भाग, म्हणजे १.३२ मीटर, आणि तिथेच रिटर्न क्रीज येते. पॉपिंग क्रीज १.२२ मीटर पुढे, मधल्या स्टंपच्या सरळ रेषेपासून दोन्ही बाजूंना किमान १.८३ मीटरपर्यंत आखलेली. रिटर्न क्रीज पॉपिंग क्रीजपासून मागे किमान २.४४ मीटर. खेळपट्टीची रुंदी १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. स्टंपांची एकूण रुंदी २२.८६ सेंटीमीटर.

फूट आणि इंच एकत्र आले की एक जुनी गफलत होते. ८ फूट ८ इंच म्हणजे ८.८ फूट नव्हे. फुटात बारा इंच असतात, म्हणून ते ८.६७ फूट होतात. ८.८ ने गुणले तर बॉलिंग क्रीज २.६८ मीटर येते, चार सेंटीमीटर जास्त. अशी मापे आधी इंचांत आणावीत: ८ फूट ८ इंच म्हणजे १०४ इंच, गुणिले २.५४, बरोबर २६४.१६ सेंटीमीटर.

प्रत्यक्ष मैदानावर सुरुवात कुठून करायची? एक उदाहरण पूर्ण सांगाल का?

समजा मातीची पट्टी लोळवून तयार आहे आणि तिच्यावर एकही खूण नाही. जवळ ३० मीटरची टेप, न ताणणारी सुतळी, चार-पाच लोखंडी खुंट्या, लांब खिळे, हातोडी आणि फक्की आहे. माणसे तिघे तरी हवीत.

पहिली खुंटी एका टोकाच्या मधल्या स्टंपच्या जागी ठोका. तिला ‘क’ म्हणू. तिथून पट्टीच्या मधोमध, पट्टीच्या कडांना समांतर, सुतळी पलीकडच्या टोकाच्याही थोडी पुढे नेऊन घट्ट बांधा. ही मधली सुतळी म्हणजे सगळ्या आखणीचा कणा. बाकीची प्रत्येक रेघ तिच्यावरून निघते, म्हणून काम संपेपर्यंत ती सोडायची नाही. आता टेपचा शून्य ‘क’ वर धरून टेप सुतळीच्या कडेने जमिनीला टेकवून ताणा आणि २०.१२ मीटरवर दुसरी खुंटी ठोका. ती ‘ख’. लगेच टेप उलटी धरा, शून्य ‘ख’ वर ठेवून ‘क’ पर्यंत मोजा. पुन्हा २०.१२ आले पाहिजे. एक सेंटीमीटरहून जास्त फरक पडला तर टेप कुठेतरी अडकली किंवा सैल होती असे समजा आणि पुन्हा मोजा.

आता ‘क’ च्या टोकाला बॉलिंग क्रीज काटकोनात काढायची आहे. इथे नजरेवर विसंबू नका. मधल्या सुतळीवर ‘क’ पासून ‘ख’ च्या दिशेने १.२२ मीटरवर एक खिळा रोवा, तो ‘ग’. पॉपिंग क्रीज इथून जाणार आहे. एकाने ‘क’ वर शून्य धरून बाजूला १.३२ मीटरचा कंस मातीत ओढायचा. दुसऱ्याने ‘ग’ वर शून्य धरून त्याच बाजूला १.८० मीटरचा कंस ओढायचा. दोन कंस जिथे छेदतात तो बॉलिंग क्रीजचा शेवट. दुसऱ्या बाजूलाही तसेच करा.

हे १.८० कुठून आले? काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू १.२२ आणि १.३२. त्यांचे वर्ग १.४८८४ आणि १.७४२४, बेरीज ३.२३०८, वर्गमूळ १.७९७. तीन मिलिमीटर सोडून दिले की १.८०. म्हणजे आखणीत लागणारीच मापे वापरून काटकोन मिळतो, ३-४-५ चा वेगळा त्रिकोण मांडावा लागत नाही.

बॉलिंग क्रीजची दोन्ही टोके मिळाली की त्यांच्यामध्ये सुतळी ताणून पाहा. ती ‘क’ वरूनच गेली पाहिजे आणि लांबी २.६४ भरली पाहिजे. मग तीच मापे उलटी वापरून पॉपिंग क्रीजवरचे दोन बिंदू काढा: ‘ग’ पासून १.३२ आणि ‘क’ पासून १.८०. असे चार कोपऱ्यांचे एक छोटे आयत तयार होते. त्याचे दोन्ही कर्ण २.९१ मीटर आले तर ते टोक बरोबर बसले. आता पॉपिंग क्रीज दोन्ही बाजूंना १.८३ पर्यंत वाढवा. रिटर्न क्रीज बॉलिंग क्रीजच्या मागे आणखी १.२२ मीटर न्या, म्हणजे पॉपिंग क्रीजपासून २.४४ होते. ‘ख’ च्या टोकालाही हेच करा. फक्की सगळ्यात शेवटी टाका, दोन्ही टोके तपासून झाल्यावर. एकदा पडलेली फक्की मातीतून पूर्ण निघत नाही, आणि दोन पुसट रेघांमधली खरी कोणती हा वाद सामन्यात नको.

दोन्ही टोके एकमेकांशी सरळ आहेत हे कसे तपासायचे?

एका टोकाच्या बॉलिंग क्रीजच्या डाव्या शेवटापासून समोरच्या टोकाच्या उजव्या शेवटापर्यंत टेप तिरकी ताणा, मग दुसरा कर्ण मोजा. २.६४ बाय २०.१२ च्या आयताचा कर्ण २०.२९ मीटर येतो. दोन्ही कर्ण सारखे हवेत.

या तपासणीचा गुण असा की ती क्रीजचा तिरपेपणा मोठा करून दाखवते. एका टोकाची क्रीज फिरून तिचा एक शेवट एक सेंटीमीटर पुढे आणि दुसरा एक सेंटीमीटर मागे गेला असेल, तर दोन कर्णांत सुमारे दोन सेंटीमीटरचा फरक पडतो. दोन्ही टोके एकाच दिशेने तितकीच फिरली असतील तर फरक चार सेंटीमीटरपर्यंत जातो. डोळ्यांना न दिसणारी चूक टेपवर दिसते.

पण फक्त कर्ण जुळले म्हणून हात झटकू नका. दोन्ही टोकांच्या क्रीज विरुद्ध दिशांनी सारख्या फिरल्या असतील, म्हणजे डावी बाजू आखूड आणि उजवी लांब झाली असेल, तर कर्ण तरीही सारखेच येतात. आयत पूर्ण काटकोनी आहे पण लांबीच चुकली आहे, तेव्हाही कर्ण एकमेकांशी जुळतात. म्हणून चार मापे घ्यावीत: दोन्ही बाजू, त्या २०.१२ हव्यात, आणि दोन्ही कर्ण, ते २०.२९ हवेत. चारही आले की शंकेला जागा राहत नाही.

आमच्याकडे ५ मीटरचीच टेप आहे. तुकड्यांनी मोजले तर चालेल का?

चालेल, पण मधली सुतळी आधी ताणलेली असली पाहिजे आणि प्रत्येक तुकडा तिच्या कडेनेच मोजला पाहिजे. चार वेळा ५ मीटर आणि वर १२ सेंटीमीटर. प्रत्येक ५ मीटरला मातीत खिळा रोवा आणि पुढचे माप त्या खिळ्याच्या मध्यापासून घ्या. बोटाने मारलेली खूण पुरत नाही, कारण दर तुकड्याला पाच मिलिमीटर इकडेतिकडे झाले आणि सगळे एकाच दिशेला गेले, तर शेवटी दोन सेंटीमीटर साचतात. सुतळीशिवाय तुकडे मोजले तर वाट वाकडी होते आणि खेळपट्टी आखूड निघते.

दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे. व्हरांड्यासारख्या सपाट फरशीवर शांतपणे २०.१२ मीटर मोजा, त्याहून थोडी लांब न ताणणारी तार कापा आणि दोन्ही टोकांना खुंटीत अडकेल असे कडे अशा बेताने करा की कड्यापासून कड्यापर्यंत माप २०.१२ च राहील. माप कड्याच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत घेतले असेल तर खुंटीची जाडी हिशोबात धरावी लागते, हे विसरू नका. नायलॉनची दोरी यासाठी घेऊ नका, ती ओढली की लांबते.

टेपवर एका बाजूला फूट आणि दुसऱ्या बाजूला मीटर आहेत. मग रूपांतर कशाला करायचे?

करू नका. सरळ ६६ फूट मोजा. पूर्ण फूट असल्यामुळे इंचांचा प्रश्नच येत नाही. मग त्याच जागी टेपची दुसरी बाजू पाहा, २०.१२ च्या खुणेला जवळजवळ स्पर्श करणारा आकडा दिसला पाहिजे. तसा दिसला नाही तर एक तर तुम्ही फूट चुकीचे वाचले आहेत किंवा टेपच खराब आहे.

टेप चुकीची असू शकते का?

असते, आणि शाळेच्या कपाटातली बरीच वर्षे वापरलेली कापडी टेप तर हमखास. कापडी टेप ताणून लांबते. लांबलेल्या टेपवर २०.१२ वाचले तरी जमिनीवरचे अंतर त्याहून जास्त असते. धातूच्या पट्टीशी किंवा नव्या टेपशी तिचे निदान ५ मीटर जुळवून पाहा. तिथे एक सेंटीमीटरचा फरक असेल तर २० मीटरला चार सेंटीमीटर होतील.

त्याहून जास्त वेळा फसवतो तो शून्य. काही टेपांत शून्य टोकाच्या कडीच्या बाहेरच्या कडेला असतो, काहींत पट्टीवर थोडा आत छापलेला असतो. टोक तुटलेले असेल तर अनेकजण १० सेंटीमीटरच्या खुणेपासून मोजतात. ही रीत चांगली आहे, फक्त शेवटी २०.२२ वाचायचे असते. ते विसरून २०.१२ वर खुंटी ठोकली की पट्टी १० सेंटीमीटर आखूड होते. टेपच्या दोन्ही टोकांच्या माणसांनी शून्य कुठे धरला ते मोठ्याने बोलून घ्यावे.

मैदानाला उतार आहे. माप बदलेल का?

शाळेच्या मैदानावर असतो तेवढ्या उताराने नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २० सेंटीमीटरचा उतार असला तरी जमिनीलगत मोजलेले आणि आडवे सपाट अंतर यांत एक मिलिमीटरचाच फरक पडतो. टेप हवेत धरून झोळ पाडण्यापेक्षा जमिनीला टेकवूनच मोजा.

लहान वर्गांसाठी खेळपट्टी कमी लांबीची हवी. तिचे मीटर किती?

किती यार्डांची घ्यायची ते तुमच्या स्पर्धेच्या नियमांवरून ठरवा. सूत्र तेच आहे: यार्ड गुणिले ०.९१४४. १८ यार्डांचे १६.४६ मीटर होतात, १९ चे १७.३७, २० चे १८.२९ आणि २१ चे १९.२०.

एकाच पट्टीवर दोन लांब्या हव्या असतील तर एक टोक कायम ठेवा आणि दुसऱ्या टोकाला आत दुसरी बॉलिंग क्रीज काढा. २० यार्डांसाठी ती मूळ बॉलिंग क्रीजच्या १.८३ मीटर आत येते. तिची पॉपिंग क्रीज आणखी १.२२ मीटर पुढे. दोन्ही आखण्या एकाच रंगात केल्या तर मोठ्या मुलांची पॉपिंग क्रीज आणि लहानांची बॉलिंग क्रीज यांत ६१ सेंटीमीटरच राहतात आणि पंचांची चूक होते. दुसरी आखणी वेगळ्या रंगात करा, किंवा सामन्यापुरतीच करून नंतर झाडून टाका.

आधीच आखलेली किंवा सिमेंटची खेळपट्टी बरोबर आहे का, हे कसे ओळखायचे?

मधल्या स्टंपच्या भोकाच्या मध्यापासून समोरच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजा. जो आकडा येईल त्यावरून चूक कशी झाली हेही बहुतेक वेळा कळते. २२.५६ आले तर पॉपिंग क्रीज ते पॉपिंग क्रीज २२ यार्ड धरले होते. २२ मीटर आले तर यार्ड आणि मीटर एकच समजले होते. १९.८० आले तर फूट ३० सेंटीमीटरचा धरला होता. २०.०२ आले तर यार्डाचे ०.९१ केले होते, किंवा टेप १० सेंटीमीटरपासून धरून ते वजा-जमा करायचे राहिले होते.

मातीची पट्टी असेल तर एक टोक खरे मानून दुसरे सरकवा. सरकवायचे टोक निवडताना जास्त झिजलेले टोक बदलणे सोयीचे पडते, कारण गोलंदाजांच्या पायांनी पडलेले खड्डे मग नव्या क्रीजच्या जागी येत नाहीत. मात्र दोन-तीन सेंटीमीटरच सरकायचे असेल तर जुनी भोके आणि नवी भोके एकमेकांत मिसळतात आणि स्टंप डुगडुगतात. अशा वेळी जुने भोक ओल्या मातीने ठासून भरा, ते पूर्ण वाळू द्या आणि मगच नवे पाडा.

सिमेंटच्या पट्टीवर भोके हलवता येत नाहीत. तिथे लोखंडी बैठकीचे स्टंप वापरा, ते मापाच्या जागी ठेवा आणि बैठकीच्या चारही कोपऱ्यांच्या खुणा रंगाने सिमेंटवर कायम करून टाका. बॉलिंग आणि पॉपिंग क्रीज पुन्हा मोजून नव्याने रंगवा, आणि जुन्या रेघा राखाडी रंगाने झाका.